फ्रिंज मोजण्याआधी स्क्रू ओळखा: मायकेलसन इंटरफेरोमीटरवर तरंगलांबी आणि आरशाचं सूक्ष्म विस्थापन

हीलियम-निऑन लेसरच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते, हे पाठ असूनही माझ्या वहीत पहिल्या दिवशी ६४२ आली होती. दुसऱ्या दिवशी ६४३, तिसऱ्या दिवशी पुन्हा ६४२. तिन्ही दिवशी फ्रिंज, म्हणजे पडद्यावरचे उजेड-अंधाराचे पट्टे, जिवाच्या आकांताने मोजल्या होत्या, एकही सुटली नव्हती. प्रत्येक वेळी उत्तर जवळपास तेच येतंय म्हणजे मोजणी नीट चालली आहे, असं मला वाटत होतं. मोजणी खरंच नीट होती. चुकत होता तो आरसा सरकवणारा मायक्रोमीटर स्क्रू, आणि त्याच्याकडे मी बघतच नव्हतो.

या प्रयोगात दोनच गोष्टी वाचायच्या असतात: किती फ्रिंज सरकल्या आणि आरसा किती सरकला. पहिली पूर्णांकात मिळते. दुसरी स्क्रूवरच्या रेघांवरून मिळते आणि बहुतेक सगळी चूक तिथेच असते. म्हणून मी ज्या क्रमाने हा प्रयोग करतो तो पुस्तकातल्या क्रमापेक्षा थोडा वेगळा आहे. आधी माहीत असलेल्या लेसरने स्क्रू तपासायचा, मग त्याच स्क्रूवर अनोळखी तरंगलांबी काढायची, आणि शेवटी स्क्रू बाजूला ठेवून नुसत्या फ्रिंजवर आरशाचं विस्थापन मोजायचं.

फ्रिंज म्हणजे किती अंतर

मायकेलसनच्या मांडणीत अर्धपरावर्तक काच, म्हणजे बीम स्प्लिटर, एकाच किरणाचे दोन भाग करते. निम्मा प्रकाश परावर्तित होऊन एका आरशाकडे जातो, निम्मा आरपार दुसऱ्या आरशाकडे. दोन्ही परत येऊन त्याच काचेवर एकत्र होतात आणि पडद्यावर व्यतिकरण दिसतं. तरंगाचा आयाम वाटला जातो म्हणून याला आयाम-विभाजन म्हणतात. दोन फटींच्या प्रयोगात तरंगाघाडीचे वेगवेगळे तुकडे वापरले जातात, इथे मात्र तीच तरंगाघाडी दोन वाटांनी फिरून येते.

एक आरसा स्थिर असतो, दुसरा स्क्रूने सरकतो. तो जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट वाट बदलते, कारण प्रकाश जातोही आणि येतोही. पडद्यावर एक फ्रिंज सरकली की वाटेतला फरक एका तरंगलांबीने बदललेला असतो, म्हणजे आरसा अर्ध्या तरंगलांबीने हललेला असतो. N फ्रिंज मोजल्या तर:

2·Δd = N·λ

लाल लेसरसाठी एक फ्रिंज म्हणजे ०.३१६४ मायक्रॉन. हा आकडा डोक्यात पक्का असू द्या, तो पुढे पुन्हापुन्हा लागतो. (लांबीच्या एककाला मी इथे मुद्दाम मायक्रॉन म्हणतो, नाहीतर स्क्रूचं नाव आणि एककाचं नाव यांत गोंधळ होतो.)

कडी दिसेपर्यंत

लेसर सुरू करून किमान पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. नळी तापत असताना तिची लांबी वाढत असते, त्यामुळे प्रकाशाची वारंवारता किंचित सरकत राहते. दोन्ही वाटा असमान असतील तर तेवढ्यानेही फ्रिंज हळूहळू चालताना दिसतात, आणि नवखा माणूस टेबलाला दोष देत बसतो. लेसरच्या झोताच्या पातळीला डोळा कधीही आणू नका. रंगीत ठिपके बघायचे ते पडद्यावरच.

पहिल्यांदा भिंग न लावता जुळवणी करायची. पडद्यावर प्रत्येक आरशाकडून एक ठळक ठिपका येतो आणि त्याच्या शेजारी दोन-तीन फिके. हे फिके ठिपके बीम स्प्लिटरच्या दुसऱ्या पृष्ठभागावरून येतात. स्थिर आरशाच्या मागचे दोन स्क्रू फिरवून दोन ठळक ठिपके एकमेकांवर आणा. फिका ठिपका ठळकावर आणून समाधान मानण्याची चूक फार सहज होते. एका आरशापुढे कागद धरून ठळक ठिपका कुठला ते एकदा पाहून घेतलं की ती टळते. ठिपके खरंच एकत्र आले की त्यांच्या आत बारीक चमचम दिसते, टेबलावर हलकेच टिचकी मारली तर ती वाढते. ही चमचम दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता लेसर आणि बीम स्प्लिटर यांच्यामध्ये कमी नाभीय अंतराचं भिंग ठेवा, साधारण १८ ते २० मिलिमीटरचं. ठिपका पसरतो आणि त्यात रेघा किंवा कमानी दिसतात. कमानी ज्या बाजूला वाकलेल्या असतील त्या बाजूला कड्यांचा मध्य आहे. स्थिर आरशाचे स्क्रू अगदी केसभर फिरवत तो मध्य पडद्याच्या मधोमध आणा. कमानींची संपूर्ण वर्तुळं होतात, यांनाच मी कडी म्हणतो.

पडद्यावर किती कडी दिसतात ते दोन वाटांच्या फरकावर ठरतं. फरक जास्त असेल तर कडी बारीक आणि दाट, फरक शून्याकडे गेला की रुंद, आणि अगदी शून्यावर पडदाभर एकच डाग. मोजायला मला पाच-सहा कडी बरी वाटतात. खूप दाट असतील तर डोळा थकतो, फार रुंद असतील तर कडं नेमकं खुणेवर आलं की नाही ते कळत नाही. स्थिर आरशाचं बूड थोडं पुढे-मागे करून हवी तेवढी कडी आणता येतात. लेसरचा परावर्तित झोत जर सरळ लेसरच्या तोंडात परत जात असेल तर कड्यांची चमक कमीजास्त होत राहते. लेसर किंचित, अगदी अर्ध्या अंशाने तिरका केला की हे थांबतं.

हात न लावता पाच मिनिटं

मोजणी सुरू करण्याआधी एक चाचणी मी कधीच चुकवत नाही. पडद्यावर पेन्सिलने खूण करायची, हात मागे घ्यायचे, खुर्चीवर बसायचं आणि पाच मिनिटं फक्त खुणेकडे बघायचं. कुणीही काही फिरवलेलं नसताना खुणेवरून किती कडी गेली, तेवढंच मोजायचं.

एक मोजणी पुरी करायला पाच मिनिटं लागत असतील आणि तेवढ्यात चार कडी आपोआप सरकत असतील, तर तीनशेच्या मोजणीत सव्वा टक्क्याहून जास्त चूक आधीच शिरलेली असते. मोजलेला आकडा पूर्णांक असतो म्हणून तो आरशाचाच असतो असं नाही. कारण बहुतेक वेळा उष्णता असते. आरशाचा ॲल्युमिनिअमचा धारक २० मिलिमीटर लांब असेल आणि हाताच्या उबेने १ अंशाने तापला, तर तो साधारण ०.४६ मायक्रॉन वाढतो. म्हणजे जवळजवळ दीड फ्रिंज. मघाशी जुळवणी करताना जो आरसा पाच मिनिटं हाताळला तोच आता गार होत असतो. दहा मिनिटं थांबलं की ही चाल आपोआप मंदावते.

ही चाल उष्णतेची की कंपनाची, हे ओळखणं सोपं आहे. उष्णतेमुळे कडी एकाच दिशेने संथ चालतात. कंपनामुळे ती जागच्या जागी थरथरतात. आरसा फक्त ०.१६ मायक्रॉन हलला तरी चमकदार कडं काळं होतं, त्यामुळे शेजारून कुणी चालत गेलं तरी चित्र क्षणभर पुसल्यासारखं होतं. पंख्याच्या वाऱ्याने कडी गोल न राहता लाटांसारखी वेडीवाकडी होतात. पंखा बंद करा, आणि जमलं तर सगळ्या मांडणीवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला.

पाच मिनिटांत अर्ध्या फ्रिंजपेक्षा कमी चाल असेल तर मी मोजणीला बसतो.

मोजणी

खूण कुठे करायची याला महत्त्व आहे. बरेच जण मधल्या डागाकडे बघून मोजतात, कारण कडी तिथे आत बुडताना किंवा तिथून उगवताना दिसतात. पण मधला डाग रुंद असतो, तो नेमका कधी ‘पुरा काळा’ झाला हे दोन माणसं दोन वेगळ्या क्षणी सांगतात. मी पडद्यावर पहिल्या आणि दुसऱ्या कड्याच्या मधे एक उभी बारीक रेघ ओढतो आणि कड्याची बाहेरची कड त्या रेघेला टेकली की एक मोजतो. तिथे कड्याची कड तिखट असते. मध्यापासून थोडं बाजूला बघितल्याने सूत्रात कोनाची कोज्या येते खरी, पण १ अंशासाठी तिचा परिणाम दहा हजारात दीड भाग एवढाच असतो, तो सोडून देता येतो.

सुरुवातीला स्क्रू पूर्ण एक फेरा एकाच दिशेने फिरवून घ्या. स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते, तिला बॅकलॅश म्हणतात. दिशा बदलल्यावर स्क्रूवरच्या रेघा सरकतात पण आरसा जागचा हलत नाही. पडद्यावर हे स्पष्ट दिसतं: उलट फिरवायला लागलं की काही रेघा जाईपर्यंत कडी निपचित पडून राहतात, मग एकदम चालू लागतात. मोजणीच्या मधे एखादं कडं पुढे निसटलं म्हणून स्क्रू मागे फिरवला, तर ती मोजणी तिथेच संपली असं समजा. निसटलेलं कडंही मोजायचं आणि पुढे जायचं, किंवा पहिल्यापासून सुरू करायचं.

आणखी एक पथ्य. मोजणीभर दोन वाटांचा फरक शून्याच्या एकाच बाजूला राहू द्या. फरक कमी होत असताना कडी आत बुडतात, शून्य ओलांडलं की तीच बाहेर उगवू लागतात. गणित बिघडत नाही, पण शून्याजवळ पडदाभर डाग असतो आणि तिथे हमखास मोजणी चुकते.

आता सगळ्यात मोलाचं. दोनशे-तीनशे कडी सलग मोजून शेवटी एकच वाचन घेऊ नका. दर पन्नास कड्यांना थांबा आणि स्क्रू वाचा. हे दोघांनी केलं तर उत्तम: एकाचे डोळे पडद्यावर, बोटं स्क्रूवर, तो मोठ्याने मोजतो. दुसरा दर दहाला वहीत रेघ मारतो आणि पन्नासला वाचन लिहितो. स्क्रू फिरवणाऱ्याने वाचन बघू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो नकळत ‘अपेक्षित’ जागी थांबतो.

तुकड्यातुकड्यांनी मोजण्याची ही गरज खुद्द मायकेलसनलाही पडली होती. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ सेव्ह्र इथे त्याने मीटरची लांबी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या तरंगलांबीत मोजली आणि १ मीटर म्हणजे १५,५३,१६३.५ तरंगलांबी असं उत्तर काढलं. एवढ्या फ्रिंज त्याने एकेक करून मोजल्या नाहीत. त्याने नऊ मध्यवर्ती मापं बनवली, सगळ्यात मोठं १० सेंटिमीटरचं आणि प्रत्येक पुढचं आधीच्याच्या साधारण निम्मं. फ्रिंज मोजल्या त्या सगळ्यात लहान मापावर, आणि पुढची मापं एकमेकांशी ताडून पाहिली. मोजणी जितकी लांब तितकी चूक लपायला जागा जास्त, हे त्याने ओळखलं होतं.

एक प्रत्यक्ष मोजणी

माझ्या उपकरणात मायक्रोमीटर स्क्रू आणि आरसा यांच्यामध्ये तरफ आहे. त्यामुळे स्क्रू बराच फिरला तरी आरसा थोडाच सरकतो. स्क्रूवरची एक रेघ म्हणजे आरशाचा १ मायक्रॉन, असं त्यावर छापलेलं आहे. एका फेऱ्यात २५ रेघा. रेघेचा दहावा भाग अंदाजाने वाचता येतो. लाल लेसरवरची ही वाचनं:

| फ्रिंज | स्क्रूचं वाचन (रेघा) | पन्नासातला फरक |
|---|---|---|
| ० | १२०.० | – |
| ५० | १३६.१ | १६.१ |
| १०० | १५२.० | १५.९ |
| १५० | १६८.३ | १६.३ |
| २०० | १८४.२ | १५.९ |
| २५० | २००.२ | १६.० |
| ३०० | २१६.४ | १६.२ |

आधी शेवटच्या रकान्याकडे बघा. सगळे फरक १६.१ च्या आसपास आहेत, दोन दशांशांच्या आत. मोजताना एक कडं सुटलं असतं तर त्या पन्नासात खरं म्हणजे एक्कावन्न कडी गेली असती आणि फरक सुमारे ०.३२ ने वाढून १६.४ च्या पुढे गेला असता. एकाच ओळीवरून तेवढं नक्की म्हणता येत नाही, पण सातही बिंदू आलेखावर मांडले की सुटलेलं कडं ओळखू येतं: त्या जागेपासून पुढचे सगळे बिंदू एकसारखे वर उचललेले दिसतात. वाचनाची चूक असेल तर एकच बिंदू रेषेबाहेर जातो आणि पुढचा परत रेषेवर येतो. तीनशे कडी सलग मोजली असती तर हा फरक कधीच कळला नसता.

सात बिंदूंमधून उत्तम बसणाऱ्या सरळ रेषेचा उतार निघतो ५० फ्रिंजला १६.०५७ रेघा, आणि बिंदूंच्या विखुरण्यावरून त्याची अनिश्चितता ०.०१८, म्हणजे हजारात एक भाग. आता स्क्रूवर छापलेलं खरं मानलं तर:

λ = २ × १६.०५७ ÷ ५० = ०.६४२३ मायक्रॉन

म्हणजे ६४२.३ नॅनोमीटर, अनिश्चितता फक्त ०.७. आणि खरी किंमत ६३२.८! साडेनऊ नॅनोमीटरची ही तफावत अनिश्चिततेच्या तेरापटीहून जास्त आहे. माझ्या सुरुवातीच्या तीन दिवसांचं कोडं इथे सुटतं. परतपरत मोजून विखुरणं कमी होतं, तरफेचं गुणोत्तर सुधारत नाही.

म्हणून समीकरण उलटं वापरायचं. लेसरची तरंगलांबी पक्की माहीत आहे, तेव्हा पन्नास फ्रिंजला आरसा ५० × ०.३१६४ = १५.८२ मायक्रॉन सरकलाच आहे. स्क्रूने दाखवल्या १६.०५७ रेघा. भागाकार ०.९८५. म्हणजे या स्क्रूची एक रेघ १ मायक्रॉन नाही, ०.९८५ मायक्रॉन आहे, हजारात एकाच्या फरकाने. हा आकडा उपकरणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, सोबत स्क्रूचा कोणता भाग तपासला तेही: १२० ते २१६. तरफ पुढे गेली की तिचा कोन बदलतो आणि हा गुणकही थोडा बदलतो, म्हणून ३०० ते ४०० या पट्ट्यासाठी तो तसाच धरू नये. शिवाय स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यात एक लहानशी चूक फिरून फिरून येते. तपासणी तीन-चार पूर्ण फेऱ्यांवर पसरवली की ती बरीचशी वजा होते, जशी इथे ९६ रेघांवर पसरली आहे.

चालीचाही बंदोबस्त करायचा असेल तर तीच मोजणी उलट दिशेने पुन्हा करा, अर्थात आधी बॅकलॅश काढून घेऊन. उष्णतेची चाल दोन्ही वेळा त्याच बाजूला असते, आरसा मात्र उलट जातो, त्यामुळे सरासरीत चाल कापली जाते.

आता अनोळखी लेसर

लाल लेसर काढून त्या जागी हिरवा बसवायचा, स्क्रू मात्र तोच, पट्टा तोच, दिशा तीच. हिरवे स्वस्त लेसर एकाच वेळी अनेक जवळजवळच्या वारंवारता सोडतात. त्यामुळे दोन वाटांमधला फरक वाढला की कडी फिकट होत जातात. अशा वेळी स्थिर आरशाचं बूड सरकवून फरक एखाद्या मिलिमीटरवर आणा, कडी रुंद झाली तरी चालेल, पण काळेपणा खरा काळा दिसला पाहिजे. अर्धवाहक लेसर असेल तर कधीकधी सगळं चित्र एकदम उडी मारतं. कडं वाहत न जाता क्षणात दुसरीकडे दिसतं. तिथे लेसरने वारंवारता बदललेली असते, ती मोजणी टाकून द्या.

हिरव्या लेसरवर २०० फ्रिंज मोजल्या. वाचन १२०.१ वरून १७४.२ वर गेलं, म्हणजे ५४.१ रेघा. गुणक वापरून:

λ = २ × ५४.१ × ०.९८५२ ÷ २०० = ०.५३३० मायक्रॉन

दोन्ही टोकांच्या वाचनात दशांश रेघेची अनिश्चितता धरली तर फरकात ०.१४ रेघ, म्हणजे शेकडा पाव. त्यात गुणकाचा शेकडा ०.११ मिळवला की एकूण साधारण १.५ नॅनोमीटर. उत्तर ५३३.० ± १.५ नॅनोमीटर. हिरव्या लेसरची ठरलेली किंमत ५३२ आहे, ती या मर्यादेत बसते. पहिल्या पद्धतीने, छापील रेघेवर विसंबून, हेच उत्तर ५४१ आलं असतं.

नीट पाहिलं तर गुणकाचीही गरज नव्हती. आपण केलं ते दोन तरंगलांबींचं गुणोत्तर काढण्याचं काम: एका फ्रिंजला किती रेघा, हिरव्याच्या भागिले लाल. स्क्रू दोन्हीकडे सारखाच खोटं बोलतो, म्हणून गुणोत्तरात त्याचं खोटं उरत नाही. ६३२.८ ही हवेतली किंमत आहे, निर्वातात ती जवळपास ६३३.० होते, पण दोन्ही मोजण्या त्याच हवेत झाल्या असल्याने तो फरकही इथे त्रास देत नाही.

सोडियमच्या दिव्यावर प्रयोग करणाऱ्यांसाठी एवढंच: त्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन तरंगलांबी असतात, त्यामुळे आरसा दर ०.२९ मिलिमीटर सरकला की कडी पुसट होऊन पुन्हा ठळक होतात. दोन पुसट जागांच्या मधल्या ठळक पट्ट्यातच मोजा.

स्क्रूशिवाय: आरशाचं विस्थापन

विस्थापन मोजायचं असतं तेव्हा स्क्रूचं काम संपतं. तरंगलांबी माहीत, फ्रिंज मोजल्या, गुणाकार केला की झालं. मी हे दाबविद्युत घटकावर, म्हणजे पिझोवर करतो. अनेक चकत्या एकावर एक रचलेला पिझोचा लहान ठोकळा स्थिर आरशाच्या मागे बसवायचा, त्याला हळूहळू विद्युतदाब द्यायचा आणि लाल लेसरची कडी मोजायची.

दाब शून्यावरून ३० व्होल्टपर्यंत नेला तेव्हा ८ कडी आत गेली. पुढे ३० ते ६० व्होल्टमध्ये १० गेली. एकूण १८, म्हणजे १८ × ०.३१६४ = ५.७० मायक्रॉन. डोळ्याने पाव फ्रिंजपर्यंत अंदाज करता येतो, तेव्हा ± ०.०८ मायक्रॉन. सारख्याच ३० व्होल्टला पहिल्या निम्म्यात ८ आणि दुसऱ्या निम्म्यात १० कडी, यावरूनच पिझोचं विस्थापन दाबाच्या सरळ प्रमाणात नाही हे दिसलं.

मग दाब ६० वरून परत ३० वर आणला. कडी उलटी चालली, बाहेर उगवू लागली, पण फक्त ८. म्हणजे चढताना ३० व्होल्टवर आरसा आठव्या कड्यावर होता, उतरताना त्याच ३० व्होल्टवर तो दहाव्यावर आहे. दोन कड्यांचा, ०.६३ मायक्रॉनचा फरक. पिझो मागचा दाब लक्षात ठेवतो, म्हणून त्याच्या व्होल्टमीटरवरून आरशाची जागा सांगायला जाणं धोक्याचं. दाब स्थिर ठेवला तरी कडी काही सेकंद हळूहळू सरकत राहतात, तेव्हा दर वेळी सारखाच वेळ थांबून वाचन घ्या, मी वीस सेकंद थांबतो.

या भागात खरी अडचण दिशेची आहे. खुणेवरून कडं गेलं एवढंच मोजणाऱ्याला आरसा पुढे गेला की मागे हे कळत नाही. गोल कड्यांमध्ये डोळ्याला दिशा दिसते, कडी बुडतात किंवा उगवतात, म्हणून डोळ्याने मोजताना हा प्रश्न फारसा जाणवत नाही. पण खुणेच्या जागी फोटोडायोड बसवून मोजणी यंत्रावर सोपवली की तो लगेच उभा राहतो. डायोडला फक्त उजेड-अंधार कळतो. आरसा पाच फ्रिंज पुढे जाऊन दोन मागे आला तर डायोड सात मोजतो. टेबल थरथरलं आणि कड्याची कड डायोडवर मागेपुढे नाचली, तर आरसा जागेवर असतानाही आकडा वाढत जातो.

साध्या मोजणीयंत्रात दोन गोष्टींनी निभावतं. डायोडपुढे एका कड्याच्या रुंदीच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढी फट ठेवायची. आणि मोजणाऱ्या परिपथात ‘उजेड’ आणि ‘अंधार’ यांच्या पातळ्या वेगळ्या, दूर ठेवायच्या, म्हणजे लहानसहान थरथरीने मोजणी होणार नाही. दिशा हवीच असेल तर दुसरा डायोड लावावा लागतो, पहिल्यापासून पाव फ्रिंज अंतरावर. आरसा एका दिशेने गेला तर पहिला डायोड आधी उजळतो, उलट गेला तर दुसरा. कोण आधी उजळलं यावरून प्रत्येक पावलाला अधिक की उणे ते ठरतं, आणि पाच पुढे, दोन मागे याची बेरीज तीन येते. दोन डायोडमधलं अंतर कड्यांच्या रुंदीवर अवलंबून असतं, त्यामुळे बूड सरकवून कडी बारीक-रुंद केली की ते अंतर पुन्हा जुळवावं लागतं. दोन्ही संकेत दोलनदर्शकाच्या आडव्या-उभ्या अक्षांना जोडले आणि पडद्यावर वर्तुळ उमटलं, तर जुळणी बरोबर आहे. चपटा लंबगोल दिसला तर एक डायोड थोडा सरकवा.